भजनाच्या पुस्तकाला संपादकाचे निवेदन कसे लिहावे

सप्ताहाच्या निमित्ताने गावोगावची भजनी मंडळे आपली जुनी वही छापून काढतात. सुरुवातीला 'दोन शब्द' असतात. त्यात संतांची थोरवी, गावाचे भाग्य, देणगीदारांचे आभार येतात आणि शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी'. पुस्तक हातात घेणाऱ्या टाळकऱ्याचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. मी लहानपणापासून म्हणत आलो ती ओळ इथे निराळी का? हा अभंग गाथेत आहे का? अमुक गौळण कुठे गेली? काकड्याला कुठले पान उघडायचे? याची उत्तरे त्या दोन शब्दांत सापडत नाहीत.

आमच्या मंडळाच्या पहिल्या आवृत्तीत मीच लिहिले होते, 'यातील सर्व अभंग गाथेतून घेतले आहेत.' सप्ताहाला आलेल्या एका कीर्तनकारांनी तीन अभंग दाखवून विचारले, 'कुठल्या गाथेत, कितवा?' रात्रभर शोधूनही मला ते सापडले नाहीत. ते वहीतून आले होते आणि वहीत कुठून आले हे कोणालाच माहीत नव्हते. वाक्य छापून गेले होते, पाचशे प्रती वाटून झाल्या होत्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी जी पद्धत बसवली ती इथे टप्प्याटप्प्याने देतो. उदाहरणे वारकरी भजनाच्या पुस्तकाची आहेत, कारण मला तेच नीट माहीत आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. महाराजांचे आशीर्वादपर शब्द, अध्यक्षांचे मनोगत, देणगीदारांची यादी आणि संपादकाचे निवेदन ही चार वेगळी पाने आहेत. ती एकत्र केली की निवेदनाचा बळी जातो, कारण आभार वाढत जातात आणि जागा संपते.

टप्पा १ : आधी नोंदवही, मग निवेदन

निवेदन शेवटी लिहायचे असते, पण त्याची सामग्री पहिल्या दिवसापासून गोळा करावी लागते. पुस्तक छापखान्यात गेल्यावर आठवणीने लिहायला बसलात तर 'बहुतेक', 'शक्यतो', 'अनेक जाणकारांच्या मदतीने' असलेच शब्द हाती लागतात.

एक दोनशेपानी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. प्रत्येक रचनेला एक ओळ द्या आणि ओळीत सहा रकाने करा : पुस्तकातला क्रमांक, वहीतली पहिली ओळ, शेवटच्या ओळीत येणारी संताची नाममुद्रा, कोणत्या छापील प्रतीत कितव्या क्रमांकावर सापडली, वहीत आणि छापील प्रतीत काय फरक आहे, आणि आपण काय घेतले व का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'का' हे दोन-चार शब्दांत लगेच लिहून टाका, कारण तीन महिन्यांनी ते आठवत नाही.

एक नोंद उलगडून दाखवतो. 'सुंदर तें ध्यान उभें विटेवरी' हा तुकोबांचा अभंग बहुतेक सर्व वह्यांत असतो. आमच्या वहीत त्याची चार कडवी १, २, ३, ४ अशी होती. छापील गाथेत मात्र पहिल्या कडव्याला ॥१॥, 'तुळसीहार गळां' या कडव्याला ॥ध्रु॥, मग 'मकर कुंडलें' ॥२॥ आणि 'तुका म्हणे' ॥३॥ असे आकडे आहेत. म्हणजे गाथेप्रमाणे ध्रुपद दुसऱ्या कडव्याचे. पण आमचे मंडळ, आणि इतरही कित्येक मंडळे, 'सुंदर ते ध्यान' हीच ओळ फिरून फिरून धरतात. नोंदीत मी लिहिले, 'आकडे गाथेप्रमाणे. मंडळ धरते ती ओळ ठळक.' या एका नोंदीतून निवेदनातली दोन वाक्ये तयार झाली. एक निवडीबद्दलचे, दुसरे वापराबद्दलचे. आपल्या वहीतले आकडे आणि गाथेतले आकडे जुळत नाहीत हे पाहून 'छपाईची चूक' म्हणणारे लोक त्यानंतर थांबले.

तपासा : सगळ्या रचनांच्या चौथ्या रकान्यात काही ना काही लिहिले आहे का? कुठेच सापडली नसेल तर 'फक्त वहीत' असे लिहा. रिकामा रकाना म्हणजे अजून शोधायचे बाकी आहे. 'फक्त वहीत' म्हणजे शोधून झाले. हे दोन एकच नव्हेत.

टप्पा २ : स्रोत सांगणे

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडे थांबून सांगतो.

पहिली चूक नुसते 'तुकाराम गाथा' असे लिहिण्याची. गाथेच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि त्यांतले अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघालेली, विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा साडेचार हजारांहून जास्त अभंगांची आहे. पुढे १९५० साली सरकारने पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह गाथा छापली. याशिवाय सांप्रदायिक परंपरेतल्या गाथा आहेत, त्यांचा क्रम वेगळा. म्हणून तुमच्या हातात जी प्रत होती तिचे नाव, प्रकाशक, आवृत्ती आणि साल निवेदनात एकदा स्पष्ट लिहा आणि पुस्तकभर त्याच प्रतीचे क्रमांक द्या. पाच प्रतींतून मिळेल तिथून क्रमांक घेतले तर ते कोणालाच उपयोगी पडत नाहीत.

दुसरी चूक नाममुद्रा वाचताना होते. अनुक्रमणिकेत संतांची नावे भरताना ती दर वेळी दिसते. 'एका जनार्दनीं' ही मुद्रा एकनाथांची, जनार्दनस्वामी त्यांचे गुरू. तरी कित्येक पुस्तकांत ही मुद्रा असलेली गौळण जनार्दनस्वामींच्या नावावर टाकलेली असते. 'बाप रखुमादेवीवरु' ही मुद्रा ज्ञानदेवांची, पण ओळीत 'ज्ञानदेव' शब्द नाही म्हणून अभंग 'अज्ञात' या सदरात जातो. 'नामयाची जनी' पाहून जनाबाईंचा अभंग नामदेवांकडे जातो. निवेदन लिहिण्याआधी संतांप्रमाणे याद्या काढून प्रत्येक रचनेची शेवटची ओळ मोठ्याने वाचा. अर्ध्या तासाचे काम आहे.

तिसरी गोष्ट चुकीपेक्षा अतिविश्वासाची. मुद्रा आहे म्हणजे रचना त्या संताचीच, असे निवेदनात ठासून सांगू नका. 'नामा म्हणे' या मुद्रेखाली ज्ञानदेवांच्या काळातले नामदेव आणि नंतरचे विष्णुदास नामा यांच्या रचना एकत्र मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. भजनाच्या पुस्तकाच्या संपादकाने तो गुंता सोडवायला बसायचे कारण नाही. एक वाक्य पुरते : 'रचना नाममुद्रेप्रमाणे लावल्या आहेत, कर्तृत्वाचा निर्णय केलेला नाही.' हे वाक्य असले की 'हा अभंग नामदेवांचा नव्हेच' असे म्हणणाऱ्याला उत्तर आधीच मिळालेले असते.

आता एक मिश्र रचना. 'घालीन लोटांगण' आपण आरतीनंतर एका दमात म्हणतो आणि पुस्तकात ती एकच प्रार्थना म्हणून छापतो. प्रत्यक्षात पहिले कडवे मराठी, 'भावें ओवाळीन म्हणे नामा' अशा मुद्रेचे. त्यापुढचे 'त्वमेव माता च पिता त्वमेव' संस्कृत प्रार्थनाश्लोक. 'कायेन वाचा' हा श्लोक भागवताच्या अकराव्या स्कंधातला. 'अच्युतं केशवं' हे आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातले. शेवटी 'हरे राम हरे राम' हा महामंत्र. सगळ्यांवर 'संत नामदेव' छापणे चूक, आणि चार-पाच जागचे आहे म्हणून तोडून वेगळे छापणे हेही गैरसोयीचे, कारण म्हणताना ते एकत्रच म्हणतात. आम्ही ते सलग ठेवले, कडव्यांमध्ये थोडी जागा सोडली आणि निवेदनात तीन ओळींत उगम सांगितला. ज्येष्ठ मंडळींनी पुस्तकात सर्वांत जास्त वाचलेला मजकूर तोच निघाला.

वही हाही एक स्रोतच आहे. तिची लाज वाटू देऊ नका. वही साधारण कधीपासूनची, किती हातांची अक्षरे तिच्यात आहेत, एका वहीवरून दुसरी उतरवली का, हे सांगा. तोंडी मिळालेल्या रचनांसाठी कोणाकडून ऐकल्या तेही सांगा, पण त्या माणसाला विचारून. नाव छापू नका म्हणाले तर 'मंडळातील एका ज्येष्ठ टाळकऱ्यांकडून' एवढे पुरे.

सावध : दुसऱ्या एखाद्या छापील भजनसंग्रहातून रचना उतरवली असेल तर त्या संग्रहाचे नाव द्या. तिथे 'गाथेतून' म्हणणे खोटे ठरते. त्या संग्रहातली मुद्रणचूकही तुमच्याकडे आलेली असते, आणि माहितगार माणूस त्या चुकीवरून तुमचा खरा स्रोत ओळखतो.

टप्पा ३ : निवडी सांगणे

निवड तीन बाबतींत होते : कुठला पाठ घेतला, कसे लिहिले, काय वगळले. तिन्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा.

पाठ. वही आणि छापील प्रत यांत फरक दिसला की तो कुठल्या जातीचा हे आधी ओळखावे लागते. काही फरक ऐकण्यातून आलेल्या सरळ चुका असतात. 'सुखकर्ता दुःखहर्ता' मध्ये 'लंबोदर पीतांबर फणिवरबंधना' असे आहे, म्हणजे ज्याने कमरेला नाग बांधला आहे तो. आपल्याकडे निम्मे लोक 'फळीवर वंदना' म्हणतात आणि वह्यांतही तेच उतरते. त्याच आरतीत 'सर्वांगीं सुंदर उटी शेंदुराची' ही उटी म्हणजे अंगाला लावलेला लेप. तिची 'ओटी' होते. 'संकटीं पावावें' चे 'संकष्टी पावावे' होते. अशा ठिकाणी मूळ शब्द छापा आणि निवेदनात एक-दोन उदाहरणे अर्थासह द्या. नुसते 'अशुद्ध पाठ दुरुस्त केले' असे लिहिले तर म्हणणाऱ्याला आपला अपमान झाल्यासारखे वाटते. अर्थ सांगितला की तोच माणूस पुढच्या आरतीला 'फणिवर' म्हणतो. हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या जातीचे फरक जुन्या भाषेचे. 'सुख जालें वो साजणी' मधले 'जालें' ही चूक नाही, ते त्या काळचे 'झाले' आहे. ते बदलू नका आणि 'दुरुस्त' तर म्हणूच नका.

तिसऱ्या जातीचे फरक गाण्यातून आलेले. गाताना मात्रा भरण्यासाठी 'हो', 'रे', 'बाई', 'माझ्या' असे शब्द घातले जातात, ओळ उलटसुलट फिरवली जाते. वही गाणाऱ्याने उतरवलेली असल्याने हे शब्द तिच्यात असतात. आम्ही ते मजकुरातून काढले, पण निवेदनात लिहिले, 'चालीसाठी येणारे भरीचे शब्द छापलेले नाहीत. म्हणताना ते परंपरेप्रमाणे घ्यावेत.' हे वाक्य विसरलात तर नवीन मुले छापलेले तेवढेच म्हणतात आणि चाल अडखळते.

लेखन. अनुस्वारांचा प्रश्न प्रत्येक संपादकाला पडतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, म्हणून संगणकावर अक्षरजुळणी करणारा माणूस सवयीने 'पायीं' चे 'पायी' करतो. पण 'तुझ्या पायीं' म्हणजे पायांपाशी, आणि 'पायी' म्हणजे चालत. 'नामें' म्हणजे नामाने, 'नामे' असे छापले की आजचा वाचक पुष्कळ नावे असे समजतो. अनुस्वार काढला की अर्थ बदलतो. साहित्य महामंडळाच्या नियमांतच असे सांगितले आहे की केशवसुतांपूर्वीचे पद्य छापताना मुळाप्रमाणे छापावे. म्हणजे संतांच्या रचनांतले अनुस्वार ठेवणे नियमाला धरूनच आहे.

तरीही सगळे ठेवायचे की नाही, हा निर्णय वाचणारा कोण यावर घ्यावा. मुलांसाठी पुस्तक असेल तर काढायलाही हरकत नाही. पण जे कराल ते पुस्तकभर सारखे करा आणि निवेदनात सांगा. आमची पद्धत अशी : संतरचनांत अनुस्वार छापील प्रतीप्रमाणे, निवेदन आणि सूचना आजच्या नियमांप्रमाणे. गाथेत 'तें चि' असे सुटे येते ते आम्ही वाचायला सोपे जावे म्हणून 'तेंचि' असे जोडले, आणि तेही सांगितले. एवढ्या लहान गोष्टी कशाला सांगायच्या, असे मंडळातल्या एकाने विचारले होते. छापील गाथा शेजारी ठेवून तपासणारा एक तरी वाचक असतोच, आणि त्याला ही ओळ मिळाली नाही की त्याचा सगळ्या पुस्तकावरचा विश्वास उडतो.

वगळलेले. हे सांगायला लोक कचरतात आणि मग 'आमच्या आजोबांची गौळण का नाही?' हा प्रश्न दर वर्षी येतो. आकड्यांनी सांगा. आमच्या वहीत १२४ रचना होत्या. ७ दोनदा उतरलेल्या निघाल्या, ४ अलीकडच्या कवींच्या म्हणून वगळल्या, २ ठिकाणी पान भिजून निम्मा मजकूर गेला होता. उरल्या १११. त्यांतल्या ८३ गाथांत सापडल्या, १७ जुन्या छापील संग्रहांत आणि ११ फक्त वहीत. हे सगळे निवेदनात तीन ओळींत बसले. १११ चे १०८ करावेत असा आग्रह झाला होता, पण आकड्यासाठी तीन रचना काढायच्या तर त्या का काढल्या हेही छापावे लागले असते, आणि तसे कारण कोणाकडेच नव्हते.

अलीकडच्या कवींच्या रचनांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. भारतात साहित्यकृतीचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे टिकतो. 'इंद्रायणी काठी देवाची आळंदी' हे कित्येक वह्यांत 'पारंपरिक अभंग' म्हणून असते. ते १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातले, ग. दि. माडगूळकरांचे गीत आहे. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे हक्क २०३७ अखेरपर्यंत. अशी रचना छापायची तर हक्कधारकांची परवानगी घ्या आणि निवेदनात तसे लिहा. परवानगी नसेल तर वगळा आणि तेही लिहा. 'पारंपरिक' हा शब्द 'मला कवी माहीत नाही' या अर्थाने वापरू नका.

तपासा : निवेदनातल्या बेरजा जुळतात का? वगळलेल्या आणि उरलेल्या मिळून वहीतला मूळ आकडा यायला हवा. अनुक्रमणिकेतला शेवटचा क्रमांकही निवेदनातल्या आकड्याशी ताडून पाहा. शेवटच्या क्षणी एखादा अभंग घातला की इथेच घोटाळा होतो.

टप्पा ४ : वापर सांगणे

हा भाग माणूस घाईत वाचतो. टाळ गळ्यात, दिवा मंद, समोर चाळीस माणसे. म्हणून तो निवेदनाच्या पोटात दडवू नका. अनुक्रमणिकेच्या समोरच्या पानावर, मोठ्या टाइपात, स्वतंत्र मथळ्याखाली छापा. निवेदनात फक्त 'वापराच्या सूचना अनुक्रमणिकेसमोर' एवढा निर्देश करा.

आधी क्रम सांगा. पुस्तक म्हणण्याच्या क्रमाने लावले आहे की संतांप्रमाणे की अकारविल्हे? आमचे प्रसंगांप्रमाणे आहे : पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे भजन, शेवटी आरती आणि पसायदान. रात्रीच्या भजनात 'जय जय राम कृष्ण हरी', मग रूपाचे अभंग, मग बाकीचे, गौळणी त्यानंतर. तुमच्या गावचा क्रम थोडा वेगळा असेल. तुमचाच लिहा, दुसऱ्याचा उतरवू नका.

मग खुणा. ॥ध्रु॥ म्हणजे काय, ठळक ओळ म्हणजे काय, एकेरी दंड कुठे आणि दुहेरी कुठे. पुढे कोण म्हणतो आणि मागे कोण धरतो हे जिथे ठरलेले आहे तिथे तसे सांगा. 'चाल' लिहिली असेल तर ती कशाची हे सांगा. नुसते 'चाल : नेहमीची' हे पन्नास मैलांवरच्या मंडळाला काही सांगत नाही. ठेका लिहिला असेल तर तो मंडळाच्या पखवाजवाल्याकडून तपासून घ्या.

शोधण्याची सोय शेवटी. अनुक्रमणिकेत प्रत्येक रचनेची पहिली ओळ हवी आणि म्हणताना लोक ज्या ओळीने ओळखतात तीही हवी. दोन्ही वेगळ्या असतील तर दोन नोंदी करा. तसे केले आहे हे सूचनांत एका ओळीत सांगा, नाहीतर लोक म्हणतात एकच अभंग दोनदा छापला.

हरिपाठाची एक सूचना बहुतेक पुस्तकांत हवी असूनही नसते. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग काही प्रतींत २७, काहींत २८ असतात, शेवटचा समारोपाचा. तुमच्या पुस्तकात किती आहेत आणि शेवटचा कसा धरला आहे ते लिहा. आमच्या पहिल्या आवृत्तीनंतर 'तुमचा एक अभंग गळलाय' असे सांगायला माणसे शेजारच्या गावाहून आली होती.

टप्पा ५ : मसुदा

आता नोंदवही समोर ठेवून लिहा. छापील दीड ते दोन पाने, म्हणजे सहा-सातशे शब्द. सुरुवात पुस्तकात काय आहे इथून करा, संतांच्या माहात्म्यापासून नको. क्रम असा : पुस्तकात काय आहे, कुठून आले, काय निवडले आणि बदलले, काय वगळले, सूचना कुठे आहेत, चुका कुठे कळवायच्या.

आमच्या दुसऱ्या आवृत्तीच्या निवेदनातला मधला भाग देतो. तो जसाच्या तसा वापरू नका, कारण आकडे आणि प्रती तुमच्या वेगळ्या असतील.

> या पुस्तकात १११ रचना आहेत. मंडळाच्या दोन वह्यांतून त्या घेतल्या असून त्यांतील ८३ गाथांशी ताडून पाहिल्या आहेत. अभंगाखाली दिलेला क्रमांक शेवटच्या पानावर नोंदवलेल्या प्रतीचा आहे. १७ रचना जुन्या छापील संग्रहांतून पडताळल्या. ११ रचना फक्त वहीत मिळाल्या. त्यांच्यापुढे फुली केली आहे. त्या कुठे छापलेल्या आढळल्यास कळवावे. रचना नाममुद्रेप्रमाणे लावल्या आहेत; कर्तृत्वाचा निर्णय केलेला नाही. जिथे वहीतील शब्दाने अर्थ लागत नव्हता तिथे छापील पाठ घेतला आहे, उदा. 'फळीवर वंदना' ऐवजी 'फणिवरबंधना', म्हणजे कमरेला नाग बांधलेला. जिथे दोन्ही पाठांनी अर्थ लागतो तिथे मंडळात म्हटला जाणारा पाठ ठेवून दुसरा तळटीपेत दिला आहे.

शेवटचे वाक्य पाहा. त्यात एक नियम आहे. निवेदनातली सगळी निवड अशा एक-दोन नियमांत सांगता आली पाहिजे. सांगता येत नसेल तर निवड करतानाच नियम पाळला गेलेला नाही, आणि तेव्हा निवेदन नव्हे, मजकूर पुन्हा पाहायला हवा. माझ्या बाबतीत असे नऊ ठिकाणी झाले. निवेदन लिहिताना लक्षात आले की कधी वही घेतली, कधी गाथा, आणि कारण फक्त एवढेच की त्या दिवशी कोण समोर बसले होते. त्या नऊ जागा मी नियमाप्रमाणे बदलल्या.

सावध : 'शक्य तेवढे शुद्ध', 'जाणकारांच्या सल्ल्याने', 'परंपरेनुसार' हे शब्द मसुद्यात दिसले की तिथे खरी माहिती घाला. कुठली परंपरा, कुठला सल्ला, काय शुद्ध केले. माहिती नसेल तर वाक्यच काढा.

टप्पा ६ : छापण्याआधीची तपासणी

निवेदन मुद्रितांबरोबर पुन्हा वाचावे लागते, कारण ते मजकुराबद्दल आश्वासने देते. जुन्या फॉन्टात जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना अनुस्वार आणि रफार गळतात किंवा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. तसे झाले की 'अनुस्वार मुळाप्रमाणे' हे तुमचे वाक्य खोटे ठरते. म्हणून शेवटच्या मुद्रितातून कुठलेही दहा अभंग निवडा आणि निवेदनातला प्रत्येक दावा त्या दहांवर तपासा : क्रमांक त्याच प्रतीचा आहे का, अनुस्वार आहेत का, फुल्या बरोबर जागी आहेत का, ठळक ओळ ठळक आहे का. दहांत एक जरी चुकला तर सगळे पाहा.

नंतर दोन माणसांना द्या. एक मंडळात नवीन आलेला मुलगा. त्याला नुसता अभंग म्हणून दाखवा आणि पुस्तकातून शोधायला सांगा. त्याला वेळ लागला तर सूचना कमी पडल्या. दुसरे, सर्व वही तोंडपाठ असलेले जुने टाळकरी. त्यांना निवेदन मोठ्याने वाचून दाखवा आणि मध्ये बोलू द्या. आमच्या बाबांनी (मंडळात सगळे त्यांना तसेच म्हणतात) तिसऱ्याच ओळीला थांबवले. 'दोन वह्या कुठल्या? तीन होत्या. एक पुरात गेली.' ते वाक्य निवेदनात आले, आणि त्यामुळे ११ रचना कुठेच का सापडत नाहीत याचे निम्मे कारणही कळले.

खाली आवृत्ती, तिथी आणि तारीख तिन्ही घाला, म्हणजे 'दुसरी आवृत्ती, आषाढी एकादशी, शके १९४६, १७ जुलै २०२४' असे. नुसती तिथी असली की वीस वर्षांनी साल काढायला पंचांग धुंडाळावे लागते. एक छापील प्रत देवळातल्या पेटीत 'दुरुस्तीची प्रत' म्हणून ठेवा, तिला तांबडे पेन बांधा आणि निवेदनाच्या शेवटच्या ओळीत ती कुठे आहे ते लिहा. आमच्या प्रतीत पहिल्या कार्तिकीपर्यंत चौदा नोंदी झाल्या होत्या, आणि फुली केलेल्या अकरांपैकी दोन रचनांसमोर कोणीतरी गाथेतला क्रमांक लिहून ठेवला होता.